एका भिंतीची किंमत

आमच्या धाकट्या बहिणीचे घर कळंबा तलावापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी तिने आम्हाला चहाला बोलावले, तेव्हाच आम्ही ओळखले की चहा हे निमित्त आहे. चहाबरोबर टेबलावर एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक आले. एका खासगी संस्थेचे. दहा महिन्यांत 'गेम डिझायनर' करून देतो, फी साडेचार लाख. भाचा नुकताच बारावी झालेला. बहिणीने हातातल्या बांगड्या गहाण ठेवायची मनाची तयारी केली होती, आणि मेहुण्यांची झोप उडाली होती.

मेहुणे शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला आहेत. हिशेबी माणूस. त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. "भाईजान, हा म्हणतो एकेका गेमला हजार-दोन हजार कोटी लागतात, पाच-सहा वर्षं लागतात. तिथे भट्टी नाही, लोखंड नाही, खुर्चीवर बसून करायचं काम. मग पैसा जातो कुठे? आणि इतका जात असेल, तर दहा महिन्यांत हा काय शिकणार?"

प्रश्न इतका नेमका होता की या महिन्याचे सदर आम्ही त्यालाच दिले. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात असा एक भाचा किंवा भाची आहे, हे आम्हाला पत्रांवरून ठाऊक आहे.

आधी भाच्याचा आकडा तपासला. तो बरोबर निघाला. कंपन्या हे आकडे सहसा सांगत नाहीत, पण 2023 मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या एका मोठ्या व्यवहाराचा खटला चालू असताना सोनी कंपनीची कागदपत्रे न्यायालयात आली. गोपनीय आकड्यांवर काळ्या मार्करने रेघा मारल्या होत्या, पण स्कॅन केल्यावर त्या रेघांखालचे वाचता आले! त्यात 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' या 2020 च्या गेमचा निर्मितीखर्च सुमारे 22 कोटी डॉलर होता. काम सुमारे 70 महिने चालले आणि ऐन भरात दोनशेच्या आसपास माणसे त्यावर होती. (हा गेम मोठ्यांसाठीचा आहे, हिंसा भरपूर आहे. घरातल्या लहानांना आणून देऊ नका.)

आता मेहुण्यांच्या पद्धतीने हिशेब करू. त्यावेळच्या दराने 22 कोटी डॉलर म्हणजे सुमारे 1800 कोटी रुपये. त्याला 70 महिन्यांनी भागले की महिन्याला जवळपास 25 कोटी येतात. दोनशे माणसे धरली तर माणशी महिन्याला 12-13 लाख. हा पगार नव्हे. यात अमेरिकेतले पगार आहेत, जागा आहे, यंत्रे आहेत, अभिनेत्यांचे मानधन आहे, बाहेरून करून घेतलेले काम आहे. पण एक गोष्ट स्पष्ट होते. कच्चा माल असा काही नाहीच. खर्च म्हणजे माणसे गुणिले महिने. काम एक महिना लांबले की 25 कोटी गेले.

मेहुणे म्हणाले, "ठीक. पण मग महिने इतके का लागतात?"

हाच खरा प्रश्न. उत्तरासाठी आम्ही भाच्याला त्याचा आवडता गेम विचारला. त्याने 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सांगितला आणि आमचे काम सोपे झाले, कारण या गेमचा एक धागा थेट पुण्यापर्यंत येतो.

पहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' 1989 चा. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकट्याने केला आणि त्यालाही चारेक वर्षे लागली. राजपुत्राचे धावणे-उडी मारणे खरे वाटावे म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला धावायला लावून चित्रण केले आणि एकेका चित्रावरून हालचाली उतरवून घेतल्या. राजपुत्र पडद्यावर बाजूने दिसायचा, बोटाएवढा. पुढे 2003 मध्ये युबिसॉफ्ट कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओने 'द सँड्स ऑफ टाइम' आणला. त्यात राजपुत्र त्रिमितीत होता, भिंतीवरून आडवा धावू लागला, आणि त्याच्या हातातल्या खंजिराने वेळ मागे फिरवता येऊ लागली.

ही भिंतच घेऊ. राजपुत्र दरीच्या कडेची भिंत धरून चार पावले आडवा धावतो आणि पलीकडे उतरतो. खेळणाऱ्याला हे दोन सेकंद दिसते. एवढ्यासाठी किती हात लागतात?

सुरुवात गेम डिझायनर करतो. त्याचे काम चित्र काढणे नव्हे, नियम ठरवणे. राजपुत्र भिंतीवर किती अंतर धावेल? समजा चार मीटर. बटण किती आधी दाबले तर चालेल? धावता धावता तोल जातो तो कधी? मग लेव्हल डिझायनर त्या नियमावर जागा रचतो. दरी साडेतीन मीटरची ठेवली तर सहज पार होते, चारची ठेवली तर धडकी भरते. त्याच्यापुढे या वेळी राजवाडा नसतो, नुसते करडे ठोकळे असतात. ते ठोकळे खेळून बघायचे, मोडायचे, पुन्हा रचायचे. या टप्प्यावर माणसे कमी असतात, बदल स्वस्त असतो.

प्रोग्रामर नियमाला चालते करतो. कॉम्प्युटरला 'भिंत' म्हणजे काय ते माहीत नसते. कोणता पृष्ठभाग धावण्याजोगा, खांब मध्ये आला तर काय, कॅमेरा कुठे न्यायचा, हे सगळे लिहावे लागते. त्यात वेळ मागे फिरवण्याची गंमत आली की पंचाईत वाढते. राजपुत्र पडला आणि खेळणाऱ्याने खंजीर वापरला, तर फक्त राजपुत्र मागे जाऊन चालत नाही. कोसळलेला दगड, मेलेला शत्रू, उघडलेला दरवाजा, सगळे आपापल्या जागी परत गेले पाहिजेत. म्हणजे हलणाऱ्या प्रत्येक वस्तूची मागच्या काही सेकंदांची नोंद सतत ठेवायची. डिझायनरच्या कागदावर ही एक ओळ असते, प्रोग्रामरला ती गेममधल्या प्रत्येक वस्तूशी जोडावी लागते.

मग कलेचे काम. एक जण कागदावर वाड्याचे रूप काढतो, दुसरा त्याची त्रिमितीय आकृती घडवतो, त्यावर दगडाचा पोत चढवला जातो. राजपुत्राच्या शरीरात सांगाडा बसवणारा वेगळा, कारण कातडीखाली हाडे नसतील तर गुडघा कुठे वाकायचा ते कळत नाही. त्याला 'रिगिंग' म्हणतात. त्या सांगाड्याला हालचाल देणारा ॲनिमेटर वेगळा. भिंतीवरचे धावणे, भिंतीवर चढण्याचा क्षण, उतरण्याचा क्षण, घसरून पडणे, या सगळ्या सुट्या हालचाली आणि एकीतून दुसरीत जाताना धक्का दिसता कामा नये. प्रकाश लावणारा वेगळा, आवाज भरणारा वेगळा: दगडावर टाच पडली तर एक आवाज, लाकडावर दुसरा.

इथे आमच्या कोल्हापूरकर वाचकांना एक गोष्ट पटकन कळेल. 'प्रभात' ची स्थापना 1929 मध्ये इथलीच. सिनेमाचा महाल उभा करताना कारागीर फक्त कॅमेऱ्यापुढची बाजू रंगवतात, मागे बांबू आणि गोणपाट असले तरी चालते. गेममध्ये कॅमेरा खेळणाऱ्याच्या अंगठ्याखाली असतो. तो कधी वर बघेल, कधी मागे वळेल, कोपऱ्यात जाऊन उगाच उभा राहील. म्हणून महाल सगळीकडून बांधावा लागतो. शिवाय सिनेमाचे चित्र एकदाच तयार होते आणि मग नुसते दाखवले जाते. गेमचे चित्र खेळताना, त्या क्षणी तयार होते, सेकंदाला साठ वेळा. म्हणजे एका चित्राला सेकंदाचा साठावा भाग, साधारण 16 मिलिसेकंद. तेवढ्यात नियम तपासायचे, हालचाल ठरवायची, प्रकाश-सावली काढायची. दगड फार सुबक झाला आणि तो काढायला वेळ लागला, तर राजपुत्र अडखळतो. मग चित्रकार आणि प्रोग्रामर यांच्यामध्ये उभा राहतो टेक्निकल आर्टिस्ट, जो दगड तेवढाच सुंदर दिसेल पण हलका होईल असे बघतो. ही माणसे थोडी असतात आणि त्यांना मागणी फार असते.

आता खर्च कुठे होतो ते बघा. समजा दोन वर्षांनी गेम खेळून बघताना कोणीतरी म्हणाले, भिंतीवरचे धावणे छान आहे, पण आखूड वाटते. चारचे पाच मीटर करा. डिझायनरला एक आकडा बदलायचा आहे. पण तोवर गेममध्ये समजा अशा दोनशे भिंती झाल्या आहेत. चार मीटरची धडकी भरवणारी दरी आता लहान मुलांची उडी झाली. पुढच्या खोलीत जाण्यापूर्वी किल्ली मिळवणे भाग होते, आता भिंतीवरून थेट पलीकडे जाता येते आणि कथाच तुटते. दोनशे जागा पुन्हा रचायच्या. तिथे करडे ठोकळे राहिलेले नाहीत, नक्षीकाम आहे, प्रकाश लावलेला आहे. ते सगळे उतरवायचे. एक मीटर जास्तीच्या धावण्याला नवी हालचाल, नवा कॅमेरा, आवाजाची नवी मोजणी.

हे ऐकताना मेहुणे पुढे सरसावले. "म्हणजे पॅटर्न चुकल्यासारखं. पॅटर्नवर दोन मिलिमीटर चुकलं आणि पहिल्याच कास्टिंगला कळलं तर अर्ध्या दिवसाचं काम. हजार कास्टिंग ओतून मशीन शॉपला गेल्यावर कळलं तर सगळा लॉट रिजेक्ट."

अगदी तसेच, फक्त एक फरक आहे. पॅटर्न चुकला की नाही हे ड्रॉइंगशी ताडून सांगता येते. गेममध्ये ड्रॉइंगच नसते. धावण्यात मजा आहे की नाही हे धावून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि नीट धावून बघायला बरेचसे बांधून झालेले लागते. म्हणून शहाणे स्टुडिओ आधी एकच छोटा तुकडा पूर्ण करतात, दहा-पंधरा मिनिटांचा, पण शेवटच्या चकाकीसकट. हा तुकडा मनासारखा जमेपर्यंत मोठी फौज बोलवायची नाही. पण कंपनीला तारीख गाठायची असते, किंवा दुसऱ्या गेमवरून मोकळी झालेली शंभर माणसे पगार घेत बसलेली असतात. मग तुकडा जमण्याआधीच भिंती उभ्या राहू लागतात, आणि पुढची पाडापाडी तिथेच ठरते.

या सगळ्यांचा मेळ घालणारा तो प्रोड्यूसर. सिनेमातल्यासारखा पैसे लावणारा नव्हे. कोणाचे काम कोणावाचून अडले आहे, कोणती गोष्ट सोडून द्यायची, तारीख गाठता येणार नाही हे वर कधी सांगायचे, हे त्याचे काम. आणि शेवटी टेस्टर. लोकांना वाटते याला खेळण्याचे पैसे मिळतात. प्रत्यक्षात तो एकाच भिंतीवर शंभर वेळा धावतो: एकदा मध्येच वेळ फिरवून, एकदा उडी मारता मारता गेम थांबवून, एकदा कोपऱ्याला चिकटून. बिघडले तर नेमके काय केल्यावर बिघडले हे पायरीपायरीने लिहितो. 'कधीकधी अडकतो' अशी नोंद कोणाच्या कामाची नसते. सकाळी दुरुस्त झालेल्या गोष्टीने संध्याकाळी दुसरीच मोडलेली असते, म्हणून कालची तपासणी आज पुन्हा.

आता पुण्याचा धागा. युबिसॉफ्टचा पुण्यात 2008 पासून स्टुडिओ आहे. 'जस्ट डान्स' सारख्या गेमवर, मोबाइल आवृत्त्यांवर, तपासणीवर तिथे वर्षानुवर्षे काम झाले. 2018 मध्ये मुंबईत दुसरा स्टुडिओ निघाला. आणि सप्टेंबर 2020 मध्ये कंपनीने जाहीर केले की 'सँड्स ऑफ टाइम' ची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई करणार. परदेशी गेमचे तुकडे करून देणाऱ्या आपल्या माणसांकडे पहिल्यांदा एवढ्या नावाजलेल्या गेमची सूत्रे आली होती. तारीख होती 21 जानेवारी 2021.

ओळखीच्या गेमची नवी आवृत्ती म्हणजे सोपे काम, असे कोणालाही वाटेल. कथा तयार, भिंती तयार, नियम तयार. पण 2003 च्या पडद्यावर जो राजपुत्र चालून गेला, तो 2020 च्या पडद्यावर चेहऱ्याच्या प्रत्येक रेषेसकट दिसतो. पहिली झलक आली आणि चाहत्यांनी चेहरे, प्रकाश, एकूण जुनाट दिसण्यावर टीकेची झोड उठवली. डिसेंबरात तारीख मार्चवर गेली. फेब्रुवारीत ती बेमुदत पुढे गेली. मे 2022 मध्ये काम पुणे-मुंबईकडून माँट्रियलकडे दिले गेले. 2023 मध्ये माँट्रियलच्या चमूने सांगितले की गेम अजून कल्पनेच्या टप्प्यावर आहे. म्हणजे दुकानात पोहोचायच्या तारखेनंतर दोन वर्षांनी तो पुन्हा करड्या ठोकळ्यांच्या आसपास होता. 2024 मध्ये '2026 ला येतो' असे जाहीर झाले. आणि जानेवारी 2026 मध्ये कंपनीने तो रद्दच केला.

भाच्याचा चेहरा उतरला. त्याला बातमी ठाऊक होती, पण पुण्या-मुंबईतल्या माणसांनी त्यावर वर्षे घातली होती हे माहीत नव्हते. मेकनरचा गेम फसता तर एका तरुणाची चार वर्षे गेली असती. इथे शेकडो माणसांचे महिने गेले आणि विकायला एक प्रतही नाही. असे फसलेले गेमही शेवटी चाललेल्या गेमच्या कमाईतूनच भरून काढावे लागतात.

याच पुण्यात उलटे उदाहरणही आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा स्टुडिओने 'राजी: ॲन एन्शन्ट एपिक' हा गेम केला. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी गेम 2020 मध्ये बाहेर आला आणि परदेशातही वाखाणला गेला. लहान चमूत एकच माणूस तीन खुर्च्यांवर बसतो, म्हणून चारचे पाच मीटर करायचे तर बैठक लागत नाही, शेजारी वळून सांगितले की झाले. मात्र त्यांचा गेम काही तासांत संपतो, मोठ्या गेमचा पसारा त्यात नाही आणि असूही शकत नाही.

मग माहितीपत्रकाकडे वळलो. आम्ही भाच्याला विचारले, "यातली कोणती खुर्ची तुला हवी?" तो म्हणाला, "मामू, डिझायनर." साहजिक आहे. पण मोठ्या चमूत नियम ठरवणारे मोजके असतात, आणि ती खुर्ची बहुधा आधी टेस्टिंग, लेव्हल किंवा प्रोग्रामिंग केलेल्याला मिळते. नवख्याला दार उघडते ते बहुतेक कलेच्या आणि तपासणीच्या बाजूने. परदेशी गेमच्या वस्तू, पोशाख, गाड्या घडवण्याचे काम भारतात बरेच होते. 1997 मध्ये सुरू झालेली बंगळूरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह हे काम करत आली आणि 2019 मध्ये रॉकस्टार या बड्या कंपनीने तीच विकत घेतली. असे काम देणारा प्रमाणपत्र नंतर बघतो, आधी तुम्ही घडवलेल्या वस्तू बघतो.

आम्ही संस्थेला फोन लावला. गेल्या तुकडीतल्या मुलांनी केलेली कामे बघायला मिळतील का, असे विचारले. पलीकडच्या बाई नम्र होत्या, पण तीनदा विचारूनही उत्तर हप्त्यांच्या सोयीवरच येत राहिले. कोर्समध्ये यापैकी कोणते काम शिकवतात, यावर "सगळंच" असे उत्तर आले. रिगिंग कोण शिकवते, यावर "सर सांगतील."

बांगड्या हातातच राहिल्या. भाच्याने बी.एस्सी. कॉम्प्युटरला प्रवेश घेतला. संध्याकाळी तो ब्लेंडर आणि गोडो घेऊन बसतो. दोन्ही फुकट मिळतात, त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर कसेबसे चालतात. आम्ही त्याला एवढेच सांगितले होते की महाल नको, एक भिंत कर. एक करडा ठोकळा, त्यावरून धावणारा दुसरा करडा ठोकळा.

परवा गेलो तर भिंत झाली होती. मेहुणे चष्मा वर सरकवून स्वतः बटण दाबत होते. ठोकळा धावला, कोपऱ्यापाशी आला आणि अर्धा भिंतीच्या आत घुसून तिथेच थरथरत राहिला.

"हे रिजेक्ट," मेहुणे म्हणाले.

"अब्बा, काय केल्यावर झालं ते सांगा ना," भाचा वही ओढत म्हणाला. "उडी आधी दाबली की नंतर?"